दातांच्या दवाखान्यात तंबाखूमुक्ती : थोडक्या वेळातल्या समुपदेशनाचा आढावा

प्रश्न नेमका कोणता?

तंबाखूचा माणूस दंतवैद्याला फार काळ चुकवू शकत नाही. दाढ दुखते, हिरड्या सुजतात, दात हलू लागतात, काळपट डाग पडतात, आणि कधी ना कधी तो खुर्चीत येऊन बसतो. तंबाखूच्या खुणा त्याच्या तोंडात डॉक्टरांना न विचारताच दिसतात. असे असूनही या भेटीचा उपयोग तंबाखू सोडवण्यासाठी किती व्हावा, कसा व्हावा आणि तो करण्याची जबाबदारी दंतवैद्याची मानावी का, यावर चाळीसेक वर्षे चर्चा सुरू आहे. तंबाखू वाईट आहे हे रुग्णाला सांगावे, याबद्दल आता कुणाचे दुमत नाही. वाद आहे तो पुढच्या गोष्टीचा. सांगून झाल्यावर दंतवैद्याने काय करायचे, किती वेळ द्यायचा, आणि त्यातून खरोखर कुणी तंबाखू सोडतो का?

महाराष्ट्रात या प्रश्नाला वेगळे रूप आहे. २०१६-१७ च्या जागतिक प्रौढ तंबाखू सर्वेक्षणानुसार राज्यातले सुमारे २६.६ टक्के प्रौढ तंबाखूचे कोणते ना कोणते रूप वापरत होते. त्यात धूम्रपान करणारे जेमतेम ३.८ टक्के होते, तर धूररहित तंबाखूवाले २४.४ टक्के. म्हणजे इथला प्रश्न सिगारेटचा कमी आणि तंबाखू-चुना, मिश्री, मावा, खर्रा यांचा जास्त आहे. तंबाखू सोडवण्याबद्दलचे जगातले बहुतेक संशोधन मात्र सिगारेट ओढणाऱ्यांवर झालेले आहे. पुरावा एका सवयीचा आणि रुग्ण दुसऱ्या सवयीचा, ही अडचण या आढाव्यात पुन्हा पुन्हा समोर येईल.

त्याच सर्वेक्षणातली आणखी एक जोडी लक्षात ठेवण्यासारखी आहे. देशभरात धूररहित तंबाखू वापरणाऱ्यांपैकी जवळपास निम्मे लोक ती सोडण्याच्या विचारात होते. पण वर्षभरात आरोग्यसेवकाकडे जाऊन आलेल्यांपैकी ‘सोडा’ असा सल्ला मिळालेले एक तृतीयांशही नव्हते. धूम्रपान करणाऱ्यांत हे प्रमाण निम्म्याच्या आसपास होते. म्हणजे ज्या तंबाखूची खूण थेट तोंडात उमटते, तिच्याबद्दलच डॉक्टर कमी बोलतात.

पार्श्वभूमी

थोडक्या वेळात दिलेल्या सल्ल्याने काही साधते का, याची पहिली भक्कम तपासणी लंडनच्या मायकेल रसेल यांनी केली. त्यांचा अभ्यास १९७९ मध्ये प्रसिद्ध झाला. साध्या फॅमिली डॉक्टरांकडे आलेल्या दोन हजारांहून अधिक धूम्रपान करणाऱ्यांचे त्यांनी चार गट केले. पहिल्या गटाला काहीच सांगितले नाही. दुसऱ्याकडून फक्त प्रश्नावली भरून घेतली. तिसऱ्याला डॉक्टरांनी एक-दोन मिनिटांत सोडण्याचा सल्ला दिला. चौथ्याला सल्ल्यासोबत एक पत्रक दिले आणि ‘तुमची पुन्हा चौकशी होणार आहे’ असे बजावले. वर्षभर सिगारेटपासून दूर राहिलेल्यांचे प्रमाण या चार गटांत अनुक्रमे ०.३, १.६, ३.३ आणि ५.१ टक्के निघाले. आकडे लहान आहेत, पण त्यांची चढण बोलकी आहे. नुसते विचारल्यानेही फरक पडला, सल्ल्याने आणखी पडला, आणि पुन्हा विचारले जाणार आहे हे कळल्यावर सर्वाधिक पडला.

भारतात याच सुमारास एक मोठे काम उभे राहत होते, आणि ते मुळातच दंतवैद्यकाचे होते. टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील फली मेहता, प्रकाश गुप्ता आणि त्यांचे सहकारी तोंडाच्या कर्करोगामागे लागले होते. १९७२ मध्ये त्यांनी महाराष्ट्रातल्या एक लाखाहून अधिक ग्रामस्थांच्या तोंडांच्या तपासणीचा अहवाल प्रसिद्ध केला. पुढे एर्नाकुलम, भावनगर आणि श्रीकाकुलम या जिल्ह्यांतल्या सुमारे ३६ हजार तंबाखू वापरणाऱ्यांकडे वर्षानुवर्षे जाऊन तोंड तपासणे आणि सवय सोडण्याविषयी समजावणे असा उपक्रम चालवला. त्याचे पाच वर्षांचे निष्कर्ष १९८६ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आले. समजावलेल्या गटात सवय सोडणाऱ्यांचे प्रमाण वाढले आणि, विशेषतः एर्नाकुलममध्ये, तोंडात पांढरे चट्टे नव्याने येण्याचे प्रमाण घटले. सवय सुटली की तोंडातला धोका कमी होतो, ही गोष्ट त्यातून भारतीय रुग्णांवरच दिसली.

त्यानंतर पद्धतीला आकार आला. अमेरिकेत आधी चार आणि २००० च्या शासकीय मार्गदर्शिकेत पाच पायऱ्या ठरल्या: विचारा, सल्ला द्या, तयारी अजमावा, मदत करा, पुढची भेट ठरवा. भारतात २००२ पासून तंबाखूमुक्ती केंद्रे सुरू झाली. २०१६ मध्ये १८००-११-२३५६ ही राष्ट्रीय मोफत हेल्पलाइन दिल्लीत सुरू झाली आणि पुढे मुंबईच्या टाटा मेमोरियलसारखी केंद्रे तिला जोडली गेली. दंत महाविद्यालयांत अशी केंद्रे उघडण्यासाठीही मार्गदर्शक सूचना निघाल्या. कागदावरची चौकट तयार आहे. गावातल्या किंवा उपनगरातल्या एका खुर्चीच्या दवाखान्यात ती कशी बसवायची, हे मात्र उरलेच आहे.

तीन भूमिका

पहिली भूमिका पाचही पायऱ्या दंतवैद्यानेच पार पाडाव्यात अशी आहे. तिच्या बाजूचे लोक म्हणतात की दंतवैद्य आणि रुग्ण यांची गाठ वारंवार पडते, तोंडातला बदल दाखवता येतो, आणि हिरड्यांचा उपचार किंवा इम्प्लांट तंबाखू चालू असताना नीट टिकत नाही. तेव्हा हे समुपदेशन म्हणजे उपचाराचाच भाग. या मांडणीत जोर आहे. तिची अडचण वेळेची आहे. पाच पायऱ्या नीट पार पाडायच्या तर दहा-पंधरा मिनिटे जातात, आणि तेवढा वेळ काढणे जमले नाही की बहुतेक जण पहिल्या दोन पायऱ्यांवरच थांबतात.

दुसरी भूमिका याच अनुभवातून आली. दंतवैद्याने विचारावे, सल्ला द्यावा आणि प्रशिक्षित माणसाकडे पाठवावे, म्हणजे काम अर्ध्या-एका मिनिटात होते. ब्रिटनमध्ये याच पद्धतीवर भर आहे. या बाजूला एक महत्त्वाचा पुरावाही आहे. पॉल अव्हेयार्ड आणि सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये जुने अभ्यास एकत्र करून पाहिले, तेव्हा ‘तब्येतीसाठी सोडा’ असे सांगण्यापेक्षा ‘सोडायला मदत मिळेल, घेता का?’ असे विचारल्याने सोडण्याचे प्रयत्न अधिक होतात असे आढळले. मात्र पाठवणी कशी होते यावर पुष्कळ अवलंबून असते. अमेरिकेतल्या ह्यूस्टनमधल्या एका अभ्यासात रुग्णाच्या हाती हेल्पलाइनचे कार्ड दिले तेव्हा उपचारात दाखल होणारे एक टक्काही नव्हते. दवाखान्यानेच रुग्णाच्या संमतीने त्याचा क्रमांक हेल्पलाइनला कळवला आणि फोन तिकडून आला, तेव्हा तेच प्रमाण आठ टक्क्यांच्या जवळ गेले.

तिसरी भूमिका साशंक आहे. तंबाखू कमी होते ती करामुळे, बंदीमुळे आणि सार्वजनिक नियमांमुळे. एकेका रुग्णाशी बोलून फारसे काही साधत नाही, असे तिचे म्हणणे. त्यातच दंतवैद्याला याचे प्रशिक्षण नसते आणि मोबदलाही मिळत नाही. हा आक्षेप झटकून टाकण्यासारखा नाही. पण महाराष्ट्रात २०१२ पासून गुटख्यावर बंदी असूनही सुपारी आणि सुगंधी तंबाखू वेगवेगळ्या रूपांत लोकांच्या तोंडात पोचतेच, हेही तितकेच खरे. धोरणामुळे नवे लोक सवयीला लागण्याचे थांबू शकते. ज्याला सवय लागून वीस वर्षे झाली, त्याला मात्र कुणीतरी हात द्यावा लागतो.

पुरावा कुठवर जातो?

दंतवैद्यांनी दिलेल्या मदतीवरचा सर्वांत व्यापक आढावा २०२१ मध्ये कॉक्रेन संस्थेने प्रसिद्ध केला. त्यात वीस अभ्यास आणि सुमारे पंधरा हजार माणसे होती. त्याचा निष्कर्ष दोन भागांत समजून घ्यावा लागतो. जुजबी सल्ल्याच्या पलीकडे जाऊन दंतवैद्याने वर्तन बदलण्यासाठी मदत केली, तर सहा महिन्यांनंतर तंबाखूमुक्त राहणाऱ्यांचे प्रमाण साधारण पावणेदोन ते दोन पट दिसते. पण आढावाकारांनी या पुराव्याची खात्री ‘अत्यंत कमी’ ठरवली. मदतीला निकोटिनच्या पर्यायी औषधाची किंवा ई-सिगारेटची जोड मिळाली तेव्हा प्रमाण पावणेतीन पटीच्या आसपास गेले आणि खात्रीही मध्यम झाली. ई-सिगारेटवर भारतात २०१९ पासून बंदी आहे, म्हणून आपल्यापुरता अर्थ निकोटिन गम किंवा पट्टी एवढाच उरतो.

इथेच भारतीय दंतवैद्याची खरी पंचाईत होते. धूररहित तंबाखूवरच्या २०१५ च्या कॉक्रेन आढाव्यात निकोटिन गम किंवा पट्टीचा स्पष्ट फायदा दिसला नाही. चघळायची निकोटिन गोळी आणि व्हॅरेनिक्लिन यांचा थोडा फायदा दिसला. वर्तनविषयक समुपदेशनाचा फायदा मात्र बहुतेक अभ्यासांत होता. म्हणजे सिगारेटच्या बाबतीत जे औषध भरवशाचे, तेच तंबाखू-चुन्याच्या बाबतीत फारसे सिद्ध झालेले नाही. त्यामुळे आपल्याकडे भार समुपदेशनावर येतो आणि औषध आधाराला राहते.

हा सगळा पुरावा एकत्र ठेवला तर माझ्या मते एक मधला मार्ग निघतो. दंतवैद्याचे बळ त्याच्या सल्ल्याच्या शब्दांत फारसे नाही. ते या गोष्टीत आहे की रुग्ण ठरलेल्या दिवशी परत येणार आहे. रूट कॅनॉलला दोन-तीन बैठका लागतात, कवळीला चार-पाच, हिरड्यांच्या उपचारालाही दोन-तीन. इतर डॉक्टरांना पुन्हा भेट ठरवावी लागते, इथे ती ठरलेलीच असते. म्हणून पाच पायऱ्या एकाच भेटीत उरकण्याऐवजी त्या उपचाराच्या बैठकांमध्ये वाटून द्याव्यात. एकेका बैठकीत एक ते चार मिनिटे पुरतात. यावर एक आक्षेप सरळ उभा राहतो. २०२१ च्या आढाव्यात एका बैठकीच्या आणि अनेक बैठकांच्या मदतीचा परिणाम जवळपास सारखाच दिसतो. मग बैठका वाढवून काय मिळणार? याचे उत्तर असे की हे आकडे वेगवेगळ्या अभ्यासांतून आले आहेत, त्यांची समोरासमोर तुलना झालेली नाही. शिवाय एका बैठकीची म्हणून मोजलेली मदत बरीच लांब असू शकते. तीच मदत तुकड्यांत देणे हा वेळेचा प्रश्न सोडवण्याचा उपाय आहे. त्याने परिणाम वाढेलच असा दावा आज कुणी करू नये.

पायऱ्या प्रत्यक्षात

उदाहरणादाखल एक रुग्ण समोर ठेवू. वय बेचाळीस, मालवाहू टेम्पो चालवतात, उजवीकडची खालची दाढ दुखते म्हणून आले आहेत. रूट कॅनॉल करावे लागेल, तीन बैठका आणि मग कॅप. केस पेपर भरतानाच साहाय्यकाने सगळ्यांना विचारतात तसे विचारले: “दादा, तंबाखू, मिश्री, मावा, सुपारी, बिडी, यांतलं काय काय चालतं?” ‘व्यसन आहे का?’ असे विचारले की उत्तर ‘नाही’ येते. मिश्री लावणारी बाई तर तिला व्यसन मानतच नाही, ती दात घासते. म्हणून वस्तूंची नावे घेऊन विचारावे. इथे उत्तर आले: तंबाखू-चुना, दिवसाला सात-आठ बार. मग दोनच प्रश्न आणखी. सकाळी उठल्यावर पहिला बार किती वेळात? “चहाच्याही आधी.” आजवर कधी सोडून पाहिली? “दोनदा. चार दिवस राहिलो, मग डोकं फिरायला लागलं.” केस पेपरवर नोंद एका ओळीत बसते: तं-चुना, ८/दिवस, उठल्यावर १५ मि., दोन प्रयत्न, ४ दिवस. उठल्यापासून अर्ध्या तासाच्या आत तंबाखू लागणे ही घट्ट अवलंबनाची सर्वांत सोपी खूण आहे.

पहिल्या बैठकीत रुग्ण कळवळतो आहे. तेव्हा लांब बोलणे निरर्थक आणि थोडे क्रूरही. डॉक्टरांनी आधी दुखणे थांबवावे. मग खालचा ओठ हळूच बाहेर ओढून, हातात आरसा देऊन, बार जिथे ठेवला जातो ती जागा दाखवावी. पांढरट, सुरकुतलेली कातडी. बोलायचे ते एवढेच: “बार इथे ठेवता ना? कातडी बदललीय बघा. आज हे धोक्याचं वाटत नाही, पण तंबाखू थांबली तर हे जायला हवं. सोडायची असेल तर आपण इथेच मदत करू. पुढच्या गुरुवारी याल तेव्हा बोलू.” यात भीती घातलेली नाही, मदत पुढे केली आहे आणि पुन्हा विचारणार हे सांगितले आहे. वेळ एक मिनिट.

दुसऱ्या बैठकीत दुखणे नसते. भूल चढेपर्यंत तसेही चार-पाच मिनिटे थांबावे लागते, समुपदेशनाची वेळ तीच. “सोडायचा विचार कितपत आहे?” या प्रश्नावर ‘नाही’ आले तर जबरदस्ती नको, नोंद करून पुढच्या वेळी पुन्हा विचारावे. ‘बघू’ किंवा ‘हो’ आले तर तीन गोष्टी ठरवाव्यात. एक तारीख, शक्यतो दोन आठवड्यांच्या आत. तलफ सर्वांत जोरात कधी येते ते दोन-तीन प्रसंग. आणि त्या प्रत्येक प्रसंगी हातात काय असेल. या रुग्णाच्या बाबतीत ते प्रसंग निघाले चहा, गाडीत माल भरताना थांबणे, आणि रात्रीचा लांब प्रवास. उत्तरे तशीच साधी हवीत: चहानंतर लगेच चूळ भरून बडीशेप, थांबताना तंबाखूवाल्या टोळक्यापासून दूर उभे राहणे, रात्रीसाठी खिशात निकोटिन गम. पुडी आणि चुन्याची डबी ठरल्या तारखेच्या आदल्या रात्री फेकायची, ‘अडीअडचणीला’ म्हणून डॅशबोर्डमध्ये ठेवायची नाही. तलफ काही मिनिटांत ओसरते आणि पहिला आठवडा सर्वांत कठीण जातो, हे आधीच सांगून ठेवले की ‘डोकं फिरणं’ हे अपयश वाटत नाही, अपेक्षित वाटते.

निकोटिन गम द्यायचा तर तो खाण्याची रीत दाखवूनच द्यावा, कारण आपले लोक तो च्युइंगमसारखा सपासप चावतात, निकोटिन गिळले जाते, उचकी लागते, मळमळते, आणि ‘हे आपल्याला सोसत नाही’ म्हणून गम बंद होतो. हळू चावायचा, तिखट चव आली की थांबून गाल आणि हिरडीच्या मध्ये ठेवायचा, चव गेली की पुन्हा हळू चावायचा. एक गम सुमारे अर्धा तास पुरतो. चहा, कॉफी किंवा आंबट पेयानंतर पंधरा मिनिटे थांबायचे, कारण आंबटपणाने निकोटिन तोंडातून शोषले जात नाही. सकाळी उठताच तंबाखू लागणाऱ्याला ४ मिलिग्रॅम, इतरांना २ मिलिग्रॅम. सुरुवातीला दर एक-दोन तासांनी एक, मग सुमारे तीन महिन्यांत कमी करत बंद. दात हलत असलेली, कवळी असलेली किंवा तोंड तीन बोटेही न उघडणारी माणसे मात्र गमसाठी योग्य नाहीत. सुपारीने तोंड आखडलेल्या रुग्णाच्या हाती गम देणे ही सरळ चूक. तिथे पट्टीचा विचार करावा.

तिसरी बैठक ठरल्या तारखेनंतर चार-पाच दिवसांनी येते. विचारायचे ते ‘सोडली का?’ असे नाही, तर “तारखेनंतर एकदा तरी बार भरला का?” असे. या रुग्णाने सांगितले: एकदा, रात्री नाशिकच्या रस्त्यावर, मित्राने मळून दिली म्हणून. घसरण झाली म्हणून सगळे मोडले असे नाही. कुठे घसरला ते शोधायचे आणि तिथली योजना बदलायची. याच वेळी एक गोष्ट सांगायला विसरू नये. तंबाखू सुटली की काहींच्या हिरड्यांतून ब्रश करताना रक्त येऊ लागते किंवा तोंडात छोटे फोड येतात. निकोटिनमुळे रक्तस्राव दबलेला असतो, तो आता दिसू लागतो. रुग्णाला वाटते, तंबाखूच बरी होती. दंतवैद्याने आधी सांगितलेले असेल तर तो घाबरून परत बार भरत नाही.

कॅप बसवायच्या दिवशी पुन्हा ओठ ओढून ती जागा पाहायची. सैनिकी प्रशिक्षणात तंबाखू सोडलेल्या अमेरिकी तरुणांवरच्या एका अभ्यासात अशा खुणा सहा आठवड्यांत जवळपास सगळ्या गेल्या होत्या. म्हणून इथली खूण फिकी पडली असेल तर ती रुग्णाला पुन्हा आरशात दाखवावी. तंबाखू बंद होऊनही दोन-तीन आठवड्यांत काहीच फरक पडला नसेल तर तुकडा काढून तपासायला पाठवावे. लालसर चट्टा, न भरणारी जखम किंवा हाताला कडक लागणारी जागा दिसली तर वाट न पाहता पहिल्याच दिवशी.

नेहमीचे आक्षेप

पहिला आक्षेप वेळेचा. वरच्या उदाहरणात चार भेटी मिळून वेळ दहा मिनिटांच्या आत गेला, आणि त्यातली निम्मी मिनिटे भूल चढण्याच्या प्रतीक्षेतली होती. तरीही गर्दीच्या दिवशी ते जमणार नाही, हे मान्य. त्या दिवशी फक्त विचारावे, नोंद करावी आणि रुग्णाच्या संमतीने त्याच्या समोरच दवाखान्याच्या फोनवरून हेल्पलाइन लावून द्यावी. कार्ड हाती देऊन पाठवणे त्याहून सोपे, पण ह्यूस्टनच्या आकड्यांप्रमाणे जवळपास निष्फळ.

दुसरा आक्षेप रुग्ण दुखावण्याचा आहे. दंतवैद्याने तंबाखूबद्दल छेडले तर रुग्ण दुसरीकडे जाईल, अशी भीती छोट्या दवाखान्यात खरी असते. ही भीती बहुधा उपदेशाच्या सुरामुळे खरी ठरते. वस्तूंची नावे घेऊन सगळ्यांना विचारले आणि सल्ल्याऐवजी मदत पुढे केली, तर दुखावण्यासारखे फारसे उरत नाही.

तिसरा आक्षेप असा की शंभरात दोन-तीन माणसांसाठी एवढा खटाटोप कशाला? हिशेब करून पाहू. समजा एका दवाखान्यात वर्षाला दोन हजार वेगवेगळे रुग्ण येतात आणि त्यांतले पाचशे तंबाखूवाले आहेत. जुजबी सल्ल्याने शंभरामागे एक ते तीन जण जास्त सोडतात, हा डॉक्टरी सल्ल्यावरच्या अभ्यासांचा ढोबळ निष्कर्ष. म्हणजे वर्षाला पाच ते पंधरा माणसे. एका खुर्चीला हा आकडा क्षुल्लक वाटेल. पण हिरड्यांच्या उपचाराचे यश, इम्प्लांटचे टिकणे आणि काहींच्या बाबतीत कर्करोग टळणे, हे सगळे त्या पाच-पंधरा माणसांच्या पदरात पडते.

जे अजून सुटलेले नाही

सर्वांत मोठे अनुत्तरित कोडे सुपारीचे आहे. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने २००४ मध्येच तंबाखूविरहित सुपारीलाही कर्करोगकारक ठरवले. मावा-खर्रा खाणाऱ्याने तंबाखू सोडून साधी सुपारी चालू ठेवली तर दंतवैद्याने त्याला यशस्वी म्हणायचे का? तोंड आखडण्याच्या आजाराच्या दृष्टीने नाही, कारण तो आजार मुख्यतः सुपारीचा. तरीही बहुतेक समुपदेशन-पद्धती तंबाखूच मोजतात. सुपारीचे अवलंबन सोडवण्याच्या औषधांबद्दल पुरावा तर आणखी तुटपुंजा आहे.

दुसरे कोडे मोजमापाचे. रुग्ण ‘सोडली’ म्हणतो ते खरे कसे समजायचे? श्वासातला कार्बन मोनॉक्साइड मोजणारे यंत्र बिडी-सिगारेट पकडते, तंबाखू-चुना पकडत नाही. लाळेतले कोटिनिन दोन्ही पकडते, पण रुग्ण निकोटिन गम खात असेल तर तेही उपयोगाचे नाही. दवाखान्यात उरतो तो ओठाआडचा चट्टा, आणि तोही प्रत्येकाला नसतो. त्यामुळे भारतातल्या बऱ्याच अभ्यासांतली यशाची टक्केवारी रुग्णाच्या शब्दावर उभी आहे.

तिसरे, एकदम सोडावे की हळूहळू, हा प्रश्न सिगारेटपुरता काहीसा स्पष्ट झाला आहे. २०१६ मधल्या ब्रिटनच्या एका अभ्यासात एकदम सोडणारे चार आठवड्यांनी जास्त संख्येने टिकले होते. मिश्रीच्या बाबतीत हा निष्कर्ष लागू करता येईल का, हे ठरवायला पुरेसा पुरावा नाही. दिवसातून तीनदा मिश्री लावणाऱ्या बाईसाठी सकाळच्या वेळेला पेस्ट आणि दुपारी काहीच नाही, असा क्रम अनेक दंतवैद्य सुचवतात. तो योग्य असेलही, पण तपासलेला नाही. आणि शेवटी औषधांचा प्रश्न: व्हॅरेनिक्लिन किंवा ब्युप्रोपियॉन दंतवैद्याने स्वतः लिहावे की फिजिशियनकडे पाठवावे, यावर व्यवहारात एकवाक्यता नाही. ती येईपर्यंत झटके येणारा, मानसिक आजाराची औषधे घेणारा किंवा गरोदर रुग्ण पाठवणेच सुरक्षित.

या सगळ्यातून आज एवढे म्हणता येते. नुसता सल्ला फार थोड्यांना तारतो, मदतीची तयारी दाखवणे अधिकांना, आणि पुढच्या भेटीची चौकशी हा भाग दंतवैद्याला सर्वांत स्वस्तात करता येतो. धूररहित तंबाखूवर हा क्रम किती चालतो, हे मोजायला भारतीय दवाखान्यांत एका वर्षाच्या पाठपुराव्याचे साधे, समोरासमोर तुलना करणारे अभ्यास लागतील. ते होईपर्यंत केस पेपरवर तंबाखूची एक ओळ आणि पुढच्या बैठकीत तिच्याबद्दलचा एक प्रश्न, एवढ्यावर सुरुवात करायला पुरेसा आधार आहे.